पेन ड्राइव्ह हलवल्यावरच लागतो: आधी डेटा काढा, मग सोल्डरचं बघा

पेन ड्राइव्ह लावला तर काहीच होत नाही. थोडा वर दाबून धरला की कॉम्प्युटर आवाज देतो, फोल्डर उघडतं, आणि हात सोडला की सगळं गायब. असा पेन ड्राइव्ह गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे किंवा सेतू केंद्रात आठवड्यातून एखादा तरी येतोच. आपल्याकडे यातले बरेच ट्रॅक्टरच्या टेपमधून निघालेले असतात.

दाबल्यावर लागतो याचा अर्थ आतली मेमरी बहुधा शाबूत आहे. फक्त कुठेतरी धातूला धातू टेकायला हवा तिथे तो कधी टेकतो, कधी सुटतो. ही बातमी चांगली आहे, पण "दाबून धर, तेवढ्यात कॉपी करून घेऊ" हा उपाय वाईट. पेन ड्राइव्हमध्ये मेमरीशिवाय कंट्रोलर नावाची एक चिप असते. कोणती फाईल मेमरीत नेमकी कुठे ठेवली आहे याची यादी ती सांभाळते, आणि ही यादी ती अधूनमधून नव्याने लिहिते. नेमक्या त्याच वेळी वीज तुटली तर यादी अर्धवट राहते. मग सांधा कितीही पक्का केला तरी पेन ड्राइव्ह शून्य बाइटचा दिसतो. दुसरं नुकसान डोळ्यांना दिसतं: सोल्डरला गेलेली बारीक चीर दर दाबण्यासोबत मोठी होते आणि शेवटी बोर्डवरची तांब्याची टिकली, म्हणजे पॅड, उखडून येते. चीर पाच मिनिटांत दुरुस्त होते, उखडलेलं पॅड होत नाही. म्हणून हलवणं आधी थांबवा.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

उघडाउघड करण्याआधी तोच पेन ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला, शक्यतो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. आणि पहिल्या पोर्टला एक चांगला पेन ड्राइव्ह लावून पाहा. चांगलाही तिथे हलतडुलत लागत असेल तर दोष पोर्टचा आहे. सीपीयूच्या पुढच्या बाजूचे पोर्ट रोज वापरले जातात, त्यामुळे त्यांच्या आतल्या पत्र्याच्या स्प्रिंगा लवकर ढिल्या पडतात. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात, चाचणीसाठी तेच घ्या.

कापसाच्या हंगामात पोर्टमध्ये आणि प्लगमध्ये रुईचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ दाबून बसते. कॉम्प्युटर बंद करून लाकडी दातकोरणीने ती काढा, सुईने नाही. प्लगच्या आतल्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापडाने पुसा आणि दोन मिनिटं वाळू द्या. रॉकेल आणि पेट्रोल यासाठी चालत नाही, दोन्हींचा तेलकट थर मागे राहतो.

आत सांधा आहे का?

सोल्डरिंगचा विचार करण्याआधी आपल्या हातातला पेन ड्राइव्ह कोणत्या जातीचा आहे ते पाहा. जुन्या पद्धतीच्या पेन ड्राइव्हला चौकोनी पत्र्याचा प्लग असतो. प्लगच्या मागे छोटा हिरवा किंवा निळा बोर्ड, त्यावर चिपा, आणि प्लगच्या चार पिना त्या बोर्डला सोल्डर केलेल्या. ही जात दुरुस्त होते.

दुसरी जात म्हणजे नखाएवढे छोटे किंवा फिरत्या झाकणाचे चपटे पेन ड्राइव्ह. यातल्या बऱ्याच नगांत कंट्रोलर आणि मेमरी एकाच काळ्या वडीत ओतलेले असतात आणि चार सोनेरी पट्ट्या त्या वडीवरच असतात. तिथे सांधाच नाही, मग सोल्डर कशाला मारणार? असा पेन ड्राइव्ह हलवल्यावर लागत असेल तर बहुतेक वेळा तो पोर्टमध्ये ढिला बसतो आणि पट्ट्या स्प्रिंगांवर नीट दाबल्या जात नाहीत. पट्ट्यांच्या उलट्या, सपाट बाजूला जाड कागदाची एक घडी ठेवून तो पोर्टमध्ये सरकवा. ढिलेपणा भरून निघतो आणि कॉपी करण्यापुरता तो स्थिर बसतो. एवढ्यानेही लागला नाही, किंवा वडीलाच तडा गेला असेल, तर तालुक्याच्या दुकानात त्यावर काही होत नाही.

तुटतं कुठे आणि का

प्लगचा साधारण सव्वा सेंटिमीटर भाग पोर्टच्या आत असतो आणि पेन ड्राइव्हचा चार-पाच सेंटिमीटर भाग बाहेर. बाहेरच्या टोकाला गुडघा लागला, पोराचा हात लागला, की आतल्या सांध्यावर कितीतरी पट जोर येतो. ट्रॅक्टरमध्ये धक्का एकच बसत नाही, नांगरटीत दिवसभर तो थरथरत असतो. त्यात उन्हाळ्यात बोनेटजवळची गरमी.

हा जोर झेलायला प्लगच्या पत्र्याला दोन पाय दिलेले असतात, तेही बोर्डला सोल्डर केलेले. चार पिना फक्त वीज आणि डेटा नेण्यासाठी आहेत, वजन पेलायला नाहीत. स्वस्त पेन ड्राइव्हमध्ये या पायांना सोल्डर अगदी जेमतेम लावलेलं असतं. आधी ते पाय सुटतात, मग सगळा जोर चार पिनांवर येतो. त्यात बाजूने धक्का बसला तर कडेच्या पिना आधी सुटतात. वरून-खालून दाब आला तर पिना पॅडसकट उचलल्या जातात, आणि ते प्रकरण जड जातं.

चार पिना कोणत्या? एका कडेला 5 व्होल्ट, दुसऱ्या कडेला ग्राउंड, मध्ये डेटाच्या दोन. 5 व्होल्टच्या शेजारी डेटा मायनस, ग्राउंडच्या शेजारी डेटा प्लस. प्लगमध्ये डोकावून पाहिलं तर कडेच्या दोन पट्ट्या मधल्यांपेक्षा थोड्या लांब दिसतात, कारण लावताना वीज आधी जोडली जावी आणि डेटा नंतर. कोणती कड ग्राउंडची ते मीटरने कळतं: बोर्डवरच्या मोठ्या तांब्याच्या पट्ट्याशी जी बीप देते ती.

कोणती पिन सुटली हे पेन ड्राइव्ह न उघडताही बरंचसं ओळखता येतं. दिवा लागतच नसेल आणि कॉम्प्युटरला पत्ताच नसेल, तर 5 व्होल्ट किंवा ग्राउंड सुटलेलं आहे. दिवा लागतो पण कॉम्प्युटर काहीच बोलत नाही, तर संशय डेटा प्लसवर घ्या, कारण "मी आलो" ही खूण पेन ड्राइव्ह याच तारेवरून देतो. दिवा लागतो आणि स्क्रीनवर `USB device not recognized` येतं, तर खूण पोहोचली पण बोलणं जमलं नाही. अशा वेळी बहुधा डेटा मायनस सुटलेला असतो.

उलट, दिवा स्थिर आहे, ड्राइव्हचं अक्षर दिसतं, हलवलं तरी फरक पडत नाही, पण क्षमता शून्य दाखवतो, तर सांध्याने आपलं काम केलेलं आहे. दोष आतल्या चिपांत आहे आणि सोल्डरने तो जाणार नाही. लावल्यावर काही सेकंदांत चटका बसेल इतका तापत असेल तर लगेच काढा, आत शॉर्ट आहे.

न उघडता डेटा काढण्याचा प्रयत्न

एखाद्या स्थितीत पेन ड्राइव्ह टिकून राहत असेल तर हातात धरू नका. एक यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या, तिचं टोक टेबलावर आडवं ठेवा, पेन ड्राइव्ह लावा आणि ज्या कोनात तो लागतो त्या कोनात खाली वही किंवा पुठ्ठ्याच्या घड्या सारून टेका. मग कोणी टेबलाला हात लावायचा नाही. लाईट जाण्याची वेळ असेल तर डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप बरा.

माऊसने ओढून कॉपी केली तर मध्येच तुटल्यावर कुठवर आलं ते कळत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे द्या (E म्हणजे पेन ड्राइव्ह, D वर जागा हवी):

```
robocopy E:\ D:\pendrive /E /R:1 /W:1
```

मध्ये तुटलं तर पुन्हा टेका आणि तीच कमांड पुन्हा द्या. जे आधीच आलं आहे ते ती वगळते. शेवटचे दोन आकडे विसरू नका. ते नसतील तर एकाच अडलेल्या फाईलसाठी ती 30-30 सेकंद थांबून दहा लाख वेळा प्रयत्न करत बसते. कॉपी झाल्यावर D वर फोल्डरच दिसत नसेल तर घाबरू नका, ते लपलेलं असतं:

```
attrib -s -h D:\pendrive
```

`You need to format the disk in drive E: before you can use it` असा निरोप आला तर Cancel दाबा. सांधा ढिला असताना कॉम्प्युटरला अर्धवट वाचायला मिळतं, म्हणून तो असं म्हणतो. याच कारणासाठी दुरुस्तीचं कोणतंही सॉफ्टवेअरही आत्ता चालवू नका.

एक नग उघडून पाहू

समजा ट्रॅक्टरमधला 16 जीबीचा, पत्र्याच्या प्लगचा साधा पेन ड्राइव्ह आहे. गाण्यांसोबत त्यात मुलीच्या लग्नाचे फोटो आहेत आणि दुसरीकडे कुठेच नाहीत. प्लग उजवीकडे ढकलला की दिवा लागतो, सोडला की विझतो. म्हणजे कडेची एखादी पिन.

केस दोन तुकड्यांची असते. जोडाच्या रेषेत जुन्या एटीएम कार्डाचं टोक घालून हळूहळू फिरवलं की ती उकलते. ब्लेड घालू नका, घसरलं तर चिपेशेजारचे बारीक भाग उडतात. आतला बोर्ड कडांना धरा आणि भिंगाखाली पिनांच्या मुळाशी पाहा. चांगला सांधा चकचकीत आणि पिनेला वेढून उतरता असतो. सुटलेल्या सांध्याभोवती केसासारखी काळी रेघ दिसते. दुकानदार यालाच ड्राय सोल्डर म्हणतात. लाकडी दातकोरणीने पिन अलगद ढकला, ती सोल्डरमध्ये हलली तर शंकाच नको.

आता मल्टिमीटर बीपवर लावा. एक टोक प्लगच्या आतल्या पट्टीवर. दुसरं टोक पिनेच्या पायावर ठेवू नका, कारण दाबाने पिन टेकते, बीप येते आणि सगळं ठीक वाटतं. पॅडपासून निघालेली तांब्याची रेघ जिथे पुढच्या भागाला मिळते तिथे टेकवा, 5 व्होल्टसाठी बहुधा जवळच्या कपॅसिटरच्या टोकाला. आपल्या नगात तीन पिना बीप देतात, 5 व्होल्टची देत नाही, आणि पत्र्याचा एक पाय पूर्ण सुटलेला आहे. पॅड मात्र बोर्डला घट्ट चिकटून आहे. असं असेल तर सोल्डरिंग करण्यात अर्थ आहे.

साहित्य थोडं आहे: टोकदार बिटचं 25 वॅटचं आयर्न, 0.5 ते 0.8 मिमीची 63/37 किंवा 60/40 सोल्डर वायर, रोझिनचा फ्लक्स, तांब्याची जाळीदार विक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. नागपूरला सीताबर्डीवर हे सगळं मिळतं, तालुक्याला मोबाईल रिपेअरवाल्याकडे असतंच. पत्र्याच्या कामाची आम्लाची पेस्ट वापरू नका. त्या दिवशी सांधा सुंदर बसतो, पण उरलेलं आम्ल तांबं हळूहळू खातं.

खेड्यात अर्थिंगचा भरवसा नसतो आणि स्वस्त आयर्नच्या टोकाला थोडा करंट उतरतो. तेवढा चिप मारायला पुरतो. म्हणून आयर्न तापलं की प्लग सॉकेटमधून काढा, सांधा मारा, पुन्हा तापवा.

1. प्लग बोर्डवर सपाट आणि सरळ बसवून चिकटपट्टीने पक्का करा. वाकलेला असेल तर आत्ताच सरळ करा, नंतर केला तर नवा सांधा तुटेल.

2. फ्लक्स लावा आणि आधी पत्र्याचे दोन पाय सोल्डर करा, दोन्ही, एक शाबूत दिसत असला तरी. पत्रा उष्णता ओढून घेतो, म्हणून इथे चार-पाच सेकंद लागतात. पाय पक्के झाले की पिनांवर ओढ येत नाही.

3. मग सुटलेली पिन. आयर्नचं टोक पिन आणि पॅड दोघांनाही टेकेल असं ठेवा, दोन सेकंद, आणि एक-दोन मिलिमीटर वायर द्या. सोल्डर पसरलं की आधी वायर काढा, मग आयर्न. तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ टेकवलं तर पॅडखालचा डिंक सुटतो.

4. दहा-पंधरा सेकंद थांबून बाकीच्या तीन पिनाही असंच फ्लक्स लावून पुन्हा वितळवून घ्या. त्यांनीही तोच मार खाल्लेला असतो.

5. शेजारच्या दोन पिना सोल्डरने जोडल्या गेल्या तर विक ठेवून वरून आयर्न टेकवा, जास्तीचं सोल्डर ती ओढून घेते.

6. अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, आणि लावण्याआधी मीटर धरा. चारही पट्ट्यांपासून आत बीप यायला हवी. 5 व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात, तसंच शेजारच्या पिनांमध्ये बीप यायला नको. आली तर कॉम्प्युटरला लावू नका, पोर्टही जाईल.

केस न बसवताच एक्स्टेन्शन केबलवर, टेबलावर आडवा ठेवून लावा. लागला की दुसरं काही न करता आधी कॉपी. फोल्डरचा एकूण आकार दोन्हीकडे सारखा आहे का ते पाहा आणि पाच-सहा फोटो, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत उघडून बघा.

पॅड उखडलेलं निघालं तर

पिनेखाली तांब्याची टिकलीच नाही, नुसता बोर्डचा फिका डाग आहे, तर सोल्डर कितीही ओता, ते धरणार नाही. फक्त एखादंच पॅड गेलं असेल तर त्या रेघेच्या पुढच्या टोकापासून पिनेपर्यंत केसाएवढी बारीक तार टाकता येते. यूएसबी केबलच्या आतल्या वायरीचा एक धागा चालतो. डेटाची तार जितकी आखूड तितकी बरी.

प्लगच तुटून हातात आला असेल तर नवा प्लग शोधत बसण्यापेक्षा एखादी जुनी डेटा केबल कापा, कॉम्प्युटरकडचं टोक ठेवून दहा-पंधरा सेंटिमीटर. आत चार वायरी असतील तरच ती कामाची, काही चार्जिंगच्या केबलींत दोनच असतात. रिवाजाने लाल 5 व्होल्ट, पांढरी डेटा मायनस, हिरवी डेटा प्लस, काळी ग्राउंड. स्वस्त केबलींत रंगांवर विश्वास ठेवू नका, मीटरने खात्री करा. केबल आधी बोर्डाला चिकटपट्टीने बांधा, मगच वायरी सोल्डर करा, नाहीतर तिच्याच वजनाने उरलेली पॅडं निघतील. दिसायला ओबडधोबड, पण फोटो काढायला हे पुरतं.

निळ्या जिभेच्या 3.0 पेन ड्राइव्हला मागे आणखी पाच पिना असतात. त्यांच्या मागे लागू नका. पहिल्या चार ठीक असतील तर तो 2.0 म्हणून हळू चालतो, पण सगळं देतो.

कधी हात लावायचा नाही

आत फक्त गाणी असतील तर सोल्डर, फ्लक्स आणि अर्धा दिवस घालवण्यात काही हशील नाही. काहीशे रुपयांत नवा मिळतो. सोल्डरिंग फक्त डेटासाठी करायचं, पेन ड्राइव्ह वाचवण्यासाठी नाही.

डेटा मोलाचा आहे, पण तीन-चार पॅडं गेली आहेत, बोर्डला तडा चिपेपर्यंत पोहोचला आहे, किंवा कुणीतरी आधीच फेविक्विक ओतलं आहे, तर पहिल्यांदा आयर्न धरणाऱ्याने थांबावं. फेविक्विक पिन आणि पॅडच्या मध्ये झिरपतं, तिथे वीज जात नाही, आणि तापवलं की डोळे झोंबवणारा धूर येतो. असा नग पुडीत बांधून डेटा रिकव्हरीचंच काम करणाऱ्याकडे न्या आणि पैसे डेटा मिळाल्यावरच घेणार का ते आधी विचारा.

मोबाईल रिपेअरवाल्याकडे देत असाल तर तीन गोष्टी स्पष्ट सांगा: फक्त पिना आणि पत्र्याचे पाय सोल्डर करायचे, हॉट एअर मारायची नाही, आणि काहीही विचारलं तरी फॉरमॅट करायचा नाही. हॉट एअरने प्लगमधलं प्लास्टिक वितळतं आणि शेजारचे बारीक भाग जागा सोडतात.

डेटा निघाल्यावर तो जुना पेन ड्राइव्ह गाण्यांपुरता पुन्हा ट्रॅक्टरमध्ये गेला तरी हरकत नाही. नवा घेणार असाल तर ट्रॅक्टरसाठी पोर्टबाहेर जेमतेम नखाएवढा राहणारा घ्या, आणि लग्नाचे फोटो त्यात ठेवू नका.